पाठाच्या मधोमध 'थांबा' कुठे ठेवायचा? छोट्या पाट्या आणि पाठ टाचण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंद्राच्या शिक्षण परिषदेत मिनी व्हाइटबोर्डचा विषय निघाला, की यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडच्या खेड्यांतले शिक्षक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरण शक्यतो एकच ठेवलं आहे: इयत्ता सहावी, गणित, दशांश अपूर्णांकांमधला लहानमोठेपणा. एक पाठ नीट उलगडून पाहिला की बाकीच्या पाठांत थांबा कुठे बसेल ते सुचायला लागतं.

१. 'थांबा' म्हणजे नेमकं काय? शिकवताना मी प्रश्न विचारतोच की.

विचारतो आपण सगळेच. पण वर्गात प्रश्न टाकला की हात वर करणारी मुलं बहुधा ठरलेली असतात. त्यांतल्या एकाने बरोबर उत्तर दिलं की आपण पुढे सरकतो. उरलेल्या वीस जणांच्या डोक्यात काय चाललंय याचा त्या क्षणी आपल्याला काहीच पत्ता नसतो. त्यात आपण थांबतही फार कमी. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातल्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद वाट पाहतात. ही वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली, तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि गप्प बसणारीही बोलायला लागतात.

थांबा म्हणजे शिकवणं क्षणभर थांबवून एक प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी उत्तर आपापल्या छोट्या पाटीवर लिहायचं आणि पाट्या एकदम वर धरायच्या. त्याला तीन गोष्टी लागतात. प्रत्येक मूल उत्तर देतं. सगळी उत्तरं एकाच क्षणी समोर येतात. आणि ती पाहून शिक्षक पुढची पाच-दहा मिनिटं बदलू शकतो. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त सुटणारी. पाट्या वर आल्या, आपण 'शाब्बास' म्हटलं आणि टाचणात जे होतं तेच पुढे चालू ठेवलं, तर वेळ गेला आणि हाती काही लागलं नाही.

२. आमच्या शाळेत मिनी व्हाइटबोर्ड नाहीत. पाटी-लेखणी चालेल का?

चालेल. अनेक शाळांत पहिली-दुसरीच्या पाट्या कपाटात पडूनच असतात. एकच अडचण येते. लेखणीची रेघ बारीक आणि करडी असते, त्यामुळे मागच्या ओळीतली पाटी फळ्याजवळून वाचता येत नाही. पाटीवर खडूने लिहायला लावा आणि अंक चार बोटं उंच काढायला सांगा. दारातून येणारं ऊन पाटीवर चमकत असेल, तर दाराकडे पाठ करून उभं न राहता बाजूच्या भिंतीशी उभे राहा.

नवीन करायचेच असतील तर पांढऱ्या चकचकीत सनमायकाचे तुकडे उत्तम. आठ बाय चार फुटी एका पत्र्यातून बारा इंच बाय आठ इंचाच्या ४८ पाट्या निघतात. वखारीतून आणतानाच कापून घ्या. कडा धारदार असतात, त्यांना चारही बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका. खरखरीत किंवा मॅट सनमायका घेऊ नका, त्यात शाई मुरते आणि पाटी महिनाभरात राखाडी होते. तेवढाही खर्च नको असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कोरा कागद घालूनही काम भागतं, फक्त ते हातात वाकतं, म्हणून आत पुठ्ठा घाला.

चुकून कोणी पर्मनंट मार्करने लिहिलंच, तर त्याच अक्षरांवर व्हाइटबोर्ड मार्करने पुन्हा गिरवा आणि लगेच पुसा. बहुतेक वेळा निघतं. मार्करची टोपणं उघडी राहिली तर आपल्याकडच्या उन्हात ते एका दुपारीत वाळतात, म्हणून प्रत्येक ओळीतला एक जण टोपणं तपासायला नेमा. पुसायला जुन्या सुती कपड्याचा तुकडा पुरतो.

३. चाळीस मिनिटांच्या तासात थांबे किती आणि नेमके कुठे?

तीन. यापेक्षा जास्त ठेवले की तास पाट्या वर-खाली करण्यातच संपतो.

पहिला अगदी सुरुवातीला, तीन-चार मिनिटांचा. आजचा पाठ ज्या पायावर उभा आहे तो पाया आहे की नाही, एवढंच तिथे पाहायचं. आपल्या पाठात पाया म्हणजे स्थानिक किंमत. 'चार दशांश आणि पाच शतांश' ही संख्या अंकांत लिहा, असा एक प्रश्न पुरे. कुणी ४.५ लिहिलं, कुणी ०.४०५ लिहिलं, तर लहानमोठेपणाकडे वळण्याआधी दशांशाचं घर आणि शतांशाचं घर पुन्हा काढावं लागेल.

दुसरा थांबा मध्यावर. समजावून झालं आहे आणि मुलं आता वहीत सराव सुरू करणार आहेत, त्या दोन्हींच्या मधला क्षण. तो चुकवू नका. मूल चुकीचा नियम धरून दहा उदाहरणं सोडवतं, तेव्हा त्या नियमाचाच सराव होतो आणि तो पक्का होतो. वह्या आपण संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी तपासतो, तोवर उशीर झालेला असतो. ज्या प्रश्नावर पाठाचा पुढचा भाग या बाजूला की त्या बाजूला हे फिरतं, त्याला डिलन विल्यम हे ब्रिटिश शिक्षणतज्ञ बिजागरीचा प्रश्न म्हणतात.

तिसरा शेवटच्या तीन मिनिटांत. त्याच्या उत्तरावर त्या तासात काही करता येत नाही, पण उद्याचं टाचण त्यावरून लिहिता येतं.

नेहमी होणारी चूक म्हणजे मधला थांबा समजावून सांगितल्याच्या पुढच्याच सेकंदाला घेणं. फळ्यावर ०.७ आणि ०.६५ चं उदाहरण अजून दिसतंय आणि आपण ०.८ आणि ०.७५ विचारतो. मुलं फळ्याकडे बघून तसंच लिहितात. आधी फळा पुसा, एखादं मिनिट दुसरं काही बोला, मग विचारा.

४. मधल्या थांब्याचा प्रश्न तयार कसा करायचा? पुस्तकातलं एखादं उदाहरण उचललं तर?

पुस्तकातली उदाहरणं सरावासाठी असतात. थांब्याच्या प्रश्नाचं काम वेगळं आहे. चुकीच्या उत्तरावरून चुकीचा विचार कोणता, ते कळलं पाहिजे. म्हणून आधी मुलं कशी चुकतात ते कागदावर लिहा आणि मग अंक निवडा.

दशांश अपूर्णांकांत दोन चुका ठरलेल्या. पहिली: दशांश चिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचायचे. मूल म्हणतं, "सर, एकशे पंचवीस मोठं होय न जी," आणि ०.१२५ ला ०.३ पेक्षा मोठं ठरवतं. थोडक्यात, जास्त अंक म्हणजे मोठी संख्या. दुसरी चूक बरोब्बर उलटी. या मुलांना शतांश हा दशांशापेक्षा लहान हे कळलेलं असतं, पण त्यावरून ती 'जास्त अंक म्हणजे लहान संख्या' असा नियम करून टाकतात. त्यांच्या मते ०.३ हा ०.४५ पेक्षा मोठा.

आता समजा तुम्ही विचारलं: ०.४, ०.३५ आणि ०.१२५ यांत सगळ्यात मोठी संख्या कोणती? बरोबर उत्तर ०.४. पहिली चूक करणारा ०.१२५ लिहील आणि पकडला जाईल. पण दुसरी चूक करणारा सगळ्यात कमी अंकांची संख्या शोधेल आणि तोही ०.४ च लिहील. त्याचा नियम चुकीचा, उत्तर बरोबर, आणि तुम्ही खुशीत पुढे जाल.

तोच प्रश्न जरा बदला: ०.३, ०.४५ आणि ०.१२५ यांत सगळ्यात मोठी संख्या कोणती? पहिली चूक करणारा ०.१२५ लिहील. दुसरी चूक करणारा ०.३ लिहील. ज्याला स्थानिक किंमत कळली आहे तो ०.४५ लिहील. तीन उत्तरं, तीन वेगळे विचार, आणि पाट्यांवरून नजर फिरवताच कोण कुठे आहे ते दिसतं.

अंक असे बसवणं हीच या कामातली खरी मेहनत. एका धड्याचे असे दोन प्रश्न जमले तरी ते वहीच्या शेवटच्या पानावर जपून ठेवा, दरवर्षी कामी येतात. प्रश्न असा हवा की मुलाला एका मिनिटात लिहिता येईल आणि तुम्हाला सगळ्या पाट्या अर्ध्या मिनिटात वाचता येतील. त्यापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तो प्रश्न वहीत घ्या.

५. हे टाचणात कसं लिहायचं? आमच्या नमुन्यात 'मूल्यमापन' हा रकाना सगळ्यात शेवटी आहे.

तो रकाना शेवटी आहे म्हणून आपलं मूल्यमापनही शेवटी ढकललं जातं. नमुना बदलायची गरज नाही. मधला थांबा 'अध्ययन अनुभव' या रकान्यात, जिथे घडणार आहे तिथेच लिहा आणि भोवती चौकट काढा. शेवटच्या रकान्यात 'चौकटीतले प्रश्न' एवढं लिहिलं तरी चालतं. केंद्रप्रमुखांनी विचारलं तर चौकट दाखवता येते.

चौकटीत प्रश्नासोबत पुढच्या वाटाही आधीच लिहून ठेवायच्या. वर्गात पाट्या वर आल्यावर विचार करायला वेळ नसतो, आणि तेव्हा सुचतं ते एकच: आधी सांगितलं तेच जरा मोठ्या आवाजात पुन्हा सांगणं. आपल्या पाठाचं टाचण साधारण असं होईल.

सुरुवातीची चार मिनिटं: पहिला थांबा, 'चार दशांश आणि पाच शतांश'. पुढची बारा-तेरा मिनिटं: शंभर चौकटींच्या आलेखावर ०.३ आणि ०.२५ रंगवून तुलना, मग स्थानिक किमतीच्या तक्त्यात त्याच संख्या. त्यानंतर फळा पुसून मधला थांबा: ०.३, ०.४५, ०.१२५. चौकटीत पुढे लिहा:

०.४५ बहुतेकांचं आलं, तर थेट वहीतला सराव. चुकलेल्या चार-पाच जणांना पुढच्या सतरंजीवर घेऊन मीटरपट्टी.

०.१२५ जास्त आलं, तर सगळ्यांसाठी मीटरपट्टी. एक मीटरच्या पट्टीवर ०.३ मीटर म्हणजे ३० सेंटिमीटर, ०.४५ मीटर म्हणजे ४५ सेंटिमीटर आणि ०.१२५ मीटर म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. तीन मुलांनी तीन ठिकाणी बोट ठेवायचं. 'एकशे पंचवीस' म्हणणाऱ्या मुलाला स्वतःचं बोट सगळ्यात मागे राहिलेलं दिसतं, आणि तिथून बोलणं सुरू होतं.

०.३ जास्त आलं, तर पुन्हा शंभर चौकटींचा आलेख. या मुलांना 'शतांश लहान असतो' हे माहीतच आहे, ते पुन्हा सांगून उपयोग नाही. ०.४५ मध्ये दशांशाचे चार पूर्ण उभे पट्टे आहेत आणि वर पाच चौकटी, तर ०.३ मध्ये तीनच पट्टे, हे त्यांनी रंगवून मोजायला हवं.

उरलेला वेळ सराव, आणि शेवटची तीन मिनिटं तिसरा थांबा. त्याचा प्रश्न आठव्या उत्तरात आहे.

उपचाराला रुपये-पैशांचं उदाहरण टाळा. ०.५ रुपये म्हणजे पाच पैसे असं बरीच मुलं वाचतात, त्यामुळे एका गोंधळात दुसऱ्याची भर पडते.

६. किती मुलांचं बरोबर आलं तर पुढे जायचं?

समजा वर्गात २४ मुलं आहेत. पाट्या वर आल्या. ०.१२५ अकरा जणांनी लिहिलं, ०.३ चौघांनी, ०.४५ नऊ जणांनी.

आधी अंदाजाने आलेल्या उत्तरांचा विचार करा. तीन पर्याय असले की काहीच न कळता ठोकून दिलेलं उत्तरही तीनदा विचारल्यावर एकदा बरोबर येतं. सगळ्या चोवीस जणांनी ठोकून दिलं असतं तरी आठ जणांचं बरोबर आलं असतं. म्हणून 'नऊ जणांना कळलंय' असं समजू नका. पाचव्या उत्तरातली मीटरपट्टीची वाट तयार ठेवा.

त्याआधी एक मधली पायरी मात्र इथे फार कामाची आहे. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात महाविद्यालयीन वर्गांसाठी एक रीत रुजवली. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील, तर शिक्षकाने लगेच सांगायचं नाही. मुलांनी शेजारच्याशी बोलायचं आणि मग पुन्हा उत्तर द्यायचं. ३० च्या खाली असेल तर शिक्षकानेच विषय पुन्हा हाती घ्यायचा, ७० च्या वर असेल तर थोडक्यात खुलासा करून पुढे जायचं. सहावीच्या वर्गात हे आकडे काटेकोर पाळायचे नाहीत, पण दिशा बरोबर आहे. चोवीसमध्ये नऊ म्हणजे ३० ते ७० च्या मध्येच. दोन मिनिटं द्या: 'ज्याचं उत्तर तुझ्यापेक्षा वेगळं आहे असा एक जण शोध आणि त्याला पटवून दे.' मग पाट्या पुसून तोच प्रश्न पुन्हा.

यात एक धोका आहे. आवाज मोठा असलेला मुलगा चुकीचं उत्तरही पटवून देतो. दुसऱ्या खेपेला ०.१२५ वाढले तर समजा तेच झालंय, आणि ताबडतोब मीटरपट्टी काढा. ०.४५ वाढले तर जोडीचा दुसरा प्रश्न विचारा: ०.६, ०.७२ आणि ०.५०८ यांत सगळ्यात मोठी कोणती? दोन्ही प्रश्न निव्वळ अंदाजाने बरोबर यायची शक्यता नवातली एक उरते, म्हणजे चोवीसमध्ये दोन-तीन जणच. आता आलेल्या बरोबर उत्तरांवर बराच विश्वास ठेवता येतो.

७. पोरं शेजाऱ्याचं बघून लिहितात, त्याचं काय?

सवय लावावी लागते. लिहिताना पाटी मांडीवर तिरकी. झालं की पालथी करून छातीशी. 'एक, दोन, तीन, दाखवा' म्हटल्यावर सगळ्यांनी एकाच वेळी वर. मी सांगेपर्यंत कुणी पुसायचं नाही, हा शेवटचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. पाटी वर नेता नेता हाताने एखादा अंक पुसणारं मूल दिसलं की ओळखा, त्याने आत्ता बाजूला पाहिलंय.

मूल नक्कल का करतं, तर चुकीची पाटी वर धरायची त्याला भीती वाटते. म्हणून 'माहीत नाही' असं वाटलं तर पाटीवर प्रश्नचिन्ह काढायची मोकळीक द्या, आणि ती पाटी पाहून चेहरा बदलू देऊ नका. चुकीच्या उत्तरावर वर्गासमोर नाव घेऊ नका. 'मला तीन वेगळी उत्तरं दिसतायत' म्हणा, तिन्ही फळ्यावर लिहा, आणि मुलांनाच त्यांवर बोलू द्या.

८. सगळ्यांचं बरोबर आलं. म्हणजे समजलं ना?

बहुतेक वेळा हो, पण दशांशात एक फसवी जागा आहे. तुम्ही किंवा शिकवणीवाल्या ताईंनी 'शेवटी शून्य लावून अंक सारखे करा' ही युक्ती सांगितली असेल, तर मुलं ०.३ चं ०.३००, ०.४५ चं ०.४५० करतात, मग ३००, ४५० आणि १२५ या पूर्ण संख्यांची तुलना करतात. उत्तर नेहमी बरोबर येतं. युक्ती चुकीची नाही, पण ०.३ आणि ०.३०० सारखे का, हे न कळताही ती वापरता येते.

म्हणून तिसऱ्या थांब्याला हा प्रश्न घ्या: ०.४ आणि ०.५ यांच्या मधली कोणतीही एक संख्या लिहा. पर्याय द्यायचे नाहीत. ज्याने फक्त युक्ती पाठ केली आहे तो बहुधा 'नाही' लिहितो किंवा पाटी कोरी ठेवतो. चारानंतर लगेच पाच, मध्ये काय असणार? कुणी ४.५ लिहितं. ज्याला कळलंय तो ०.४५ किंवा ०.४१ लिहितो, आणि एखादी मुलगी ०.४९९ लिहून मोकळी होते. तिची पाटी वर्गाला दाखवा आणि विचारा, 'हिच्यापेक्षाही ०.५ च्या जवळ कोण जाईल?' दुसऱ्या दिवसाच्या तासाची सुरुवात तिथूनच करता येते.

९. पाचवी-सहावी एकाच खोलीत बसतात, मी एकटी. दोन्ही वर्गांचे थांबे कसे सांभाळू?

दोन्ही वर्गांचे मधले थांबे दहा मिनिटांच्या फरकाने ठेवा. सहावीचा थांबा विसाव्या मिनिटाला असेल तर पाचवीचा तिसाव्याला. ज्या वर्गाचा थांबा चालू आहे त्याचा दुसऱ्या वर्गाला त्रास होऊ नये म्हणून त्या पाच मिनिटांसाठी दुसऱ्या वर्गाला असं लेखी काम द्या ज्यात तुमची मदत लागणार नाही. नवीन काम त्या वेळी सुरू करू नका.

पाचवीलाही दशांशच चालू असतील, तर पहिला थांबा दोघांचा एकच घेता येतो. पाचवीचा मुलगा बरोबर आणि सहावीची मुलगी चूक, असं दिसलं तर ते नाव घेऊन दाखवू नका, सहावीची मुलं पाट्या वर करायचं बंद करतील.

१०. कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धी मुलं आठ-आठ दिवस येत नाहीत. मग थांब्याचा उपयोग काय?

त्या दिवसांत पहिला थांबा सगळ्यात कामाचा ठरतो. शाळेत परत आलेल्या मुलाचं गैरहजेरीत नेमकं काय शिकायचं राहिलंय हे हजेरीवरून कळत नाही, पाटीवरून कळतं. दिवाळीच्या आगेमागे पहिला थांबा थोडा लांबवा आणि दोन प्रश्न घ्या: एक मागच्या आठवड्याच्या पाठाचा, एक त्याआधीचा. ज्यांचे दोन्ही चुकले त्यांची नावं टाचणाच्या कडेला लिहा. मधल्या थांब्यानंतर बाकीचे सराव करत असताना या मुलांसोबत बसायला पंधरा मिनिटं मिळतात.

वर्गात दहाच जण असतील तर त्यांच्यासाठी नवीन पाठ पुढे ढकलायचा का, हे एका थांब्यावरून ठरवू नका. तो निर्णय महिन्याच्या नियोजनाचा.

११. आमच्या वर्गात काही मुलं घरी गोंडी किंवा कोलामी बोलतात. पाटीमुळे त्यांना काय फायदा?

अंकात उत्तर द्यायचं असेल तर चांगलाच फायदा होतो. तोंडी विचारलं की ही मुलं मराठी वाक्य जुळवत बसतात आणि तोवर दुसरं कुणी उत्तर देतं. पाटीवर ०.४५ लिहायला वाक्य लागत नाही. मात्र प्रश्न फळ्यावर लिहा, फक्त तोंडी सांगू नका. जोडीच्या चर्चेत (सहावं उत्तर पाहा) त्यांना आपल्या भाषेत बोलू द्या. उत्तर चुकलं तर गणित चुकलं की प्रश्नाची भाषा, हे तपासायला तोच प्रश्न मीटरपट्टीवर बोट ठेवून पुन्हा विचारा.

१२. पाटीवरच्या उत्तराला गुण द्यायचे का? आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत धरता येईल का?

गुण देऊ नका. गुण आले की पाटी परीक्षा होते, मुलं पुन्हा शेजाऱ्याकडे बघू लागतात आणि तुम्हाला दिसतं ते खरं राहत नाही. महाराष्ट्रात ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात आकारिक मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण हे एक साधन आहेच. पाट्यांवरून जे दिसलं ते त्यातल्या वर्णनात्मक नोंदीत एका ओळीत लिहा: 'दशांश चिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचतो, मीटरपट्टीवर दाखवल्यावर सुधारतो.' 'गणितात प्रगती समाधानकारक' यापेक्षा ही ओळ पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला उपयोगी पडते. रोज सगळ्यांची नोंद करायची नाही. ज्या तीन-चार मुलांचं उत्तर तुम्हाला अनपेक्षित वाटलं, तेवढ्यांचीच.

१३. माझ्या वर्गात सहाच मुलं आहेत. पाट्यांची गरज आहे का?

सहा जणांतही एक बोलतो आणि पाच मान डोलावतात. पाटी वापरा, पण टक्केवारी विसरा. प्रत्येकाला 'असं का लिहिलंस?' विचारायला वेळ आहे, तो वापरा. मोठ्या वर्गात जे अंक निवडून कळतं ते इथे सरळ विचारून कळतं.

१४. पाट्यांऐवजी बोटं दाखवली तर?

पर्याय तीनच असतील तर चालतं: एक बोट, दोन बोटं, तीन बोटं, छातीशी धरून. मैदानात किंवा झाडाखाली वर्ग भरला असेल तर हेच सोयीचं. पण आठव्या उत्तरातला प्रश्न बोटांवर घेता येत नाही, आणि मुलांनी स्वतः लिहिलेल्या चुकाच आपल्याला पुढच्या वर्षीचे पर्याय देतात.

१५. मराठीच्या तासाला पाट्या कशा वापरायच्या?

मोजक्या ठिकाणी. एखाद्या वाक्यातलं क्रियापद ओळखा, विरामचिन्ह बसवा, शब्द शुद्ध लिहा, एवढ्यापुरत्या. कविता समजली का किंवा निबंध जमतोय का, हे पाटीवर दिसत नाही. तिथे वहीत दोन-तीन वाक्यं लिहायला लावा आणि फिरून वाचा.

१६. तिन्ही थांब्यांना उत्तरं बरोबर आली आणि आठवड्याने सगळे विसरले. थांबा फसला का?

नाही. तास चालू असताना दिसतं ते ताजं असतं. आत्ता कळलेलं टिकलं का, हे काही दिवसांनीच कळतं. म्हणून मधल्या थांब्याचा जोडीचा प्रश्न (०.६, ०.७२, ०.५०८) त्याच दिवशी वापरला नसेल तर राखून ठेवा, आणि साधारण आठवड्याने दशांशाची बेरीज सुरू कराल तेव्हा पहिल्या थांब्याला विचारा. ०.५०८ पुन्हा दिसायला लागले तर बेरजेचा पाठ एक दिवस पुढे ढकला. ज्या मुलाला ०.५०८ हा ०.७२ पेक्षा मोठा वाटतो, तो ०.७२ आणि ०.५०८ यांची बेरीज करताना ७२ आणि ५०८ शेवटच्या अंकाखाली अंक ठेवून मांडणार आणि ०.५८० लिहिणार. ही मांडणी एखाद्याच्या वहीत दिसली, तर बेरीज पुन्हा समजावण्याआधी त्याला मीटरपट्टीकडे न्या.